किडनी प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही : रोजची गोळी की दर आठवड्याला पीसीआर?

आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या शरीरात सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, लहानपणापासून सुप्तावस्थेत असतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की तो डोकं वर काढतो. प्रतिबंध नसेल तर सर्वाधिक धोका पहिल्या तीन महिन्यांत असतो. दाता आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे या विषाणूचा संसर्ग आधी झालेला, आणि रुग्ण निगेटिव्ह असेल, तर हा धोका सर्वांत मोठा.

पहिला मार्ग सरसकट प्रतिबंधाचा, म्हणजे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी रोज 900 मिलिग्रॅम. रुग्ण स्वतः पॉझिटिव्ह असेल तर साधारण तीन महिने, वर सांगितलेल्या जोडीत सहा महिने. मात्र धोका इथे पुढे सरकतो : गोळी बंद झाल्यानंतरच्या तीन महिन्यांत ताप, जुलाब किंवा थकवा आला तर विषाणूचं प्रमाण मोजणारी पीसीआर करायलाच हवी. आतड्याच्या आजारात रक्तातली पीसीआर निगेटिव्हही येऊ शकते, तेव्हा बायोप्सी लागते.

दुसरा मार्ग पाळतीचा. किमान बारा आठवडे दर आठवड्याला पीसीआर करायची आणि केंद्राने ठरवलेली मर्यादा ओलांडली की उपचाराची मात्रा, म्हणजे 900 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, विषाणू दिसेनासा होईपर्यंत द्यायची. विषाणू एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो, म्हणून पंधरा दिवसांचं अंतर चालत नाही. प्रयोगशाळा आणि नमुना बदलू नका. प्लाझ्मा आणि पूर्ण रक्ताचे आकडे जुळत नाहीत. विषाणूचा आकडा 600 वरून 900 झाला, तर हा फरक चाचणीचाही असू शकतो. 600 वरून 2400 ही खरी वाढ.

पहिल्या मार्गात घोळ होतो तो मात्रेचा. 40 वर्षांचा, 60 किलोचा पुरुष रुग्ण घ्या. क्रिएटिनिन 1.5 असताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स, म्हणजे किडनीची रक्त गाळण्याची गती, मिनिटाला सुमारे 56 मिली येतो, म्हणून रोज 450 मिलिग्रॅम. क्रिएटिनिन 1.2 वर आलं की क्लिअरन्स 69 होतो आणि मात्रा 900 व्हायला हवी. ती 450 वरच राहिली तर अपुऱ्या औषधात विषाणू वाढून प्रतिरोधी होण्याची भीती असते. उलट क्रिएटिनिन 2.2 झालं तर क्लिअरन्स 38 वर येतो आणि 450 एक दिवसाआड पुरतं. तेव्हा मात्रा कमी केली नाही, तर मायकोफेनोलेट आणि कोट्रायमोक्साझोल ही पेशी कमी करू शकणारी औषधंही सोबत असताना पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात. अशा वेळी स्वतःहून गोळी अर्धी करू नका. आधी कोणतं औषध कमी करायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह असेल, किंवा एटीजी हे प्रतिकारशक्ती जोरदार दाबणारं औषध दिलं असेल, तर आम्ही गोळीच्या बाजूने आहोत. गोळीमुळे पांढऱ्या पेशी टिकतच नसतील तर पॉझिटिव्ह दाता-निगेटिव्ह रुग्ण या जोडीसाठी लेटरमोव्हिर हे दुसरं औषध हा पर्याय आहे, पण ते नागीण-हर्पिसवर चालत नाही, म्हणून असायक्लोव्हिर जोडावं लागतं, आणि टॅक्रोलिमसची पातळी वाढते ती मोजत राहावी लागते. रुग्ण पॉझिटिव्ह असून प्रयोगशाळा जवळ असेल आणि रिपोर्ट दोन दिवसांत हाती येत असेल, तर पाळत तितकीच चांगली. जिल्ह्याच्या गावाहून दर आठवड्याला पुण्या-मुंबईला येणं जमणार नसेल, तर गोळीच घ्या.