सात महिन्यांच्या वापरानंतर: यूट्यूब चॅनलचा बॅनर आणि मधली सुरक्षित चौकट

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात माझे दाजी सोयाबीन आणि तुरीची शेती करतात व त्याच विषयावर यूट्यूबवर एक चॅनल चालवतात. त्या चॅनलचा सध्याचा बॅनर मी मृगाच्या पेरणीच्या सुमारास तयार केला आणि आता तुरीची रास होईपर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने, तो वापरात आहे. या काळात तो फोनवर, संगणकावर आणि घरच्या टीव्हीवर वारंवार पाहून जे बदल करावे लागले, त्यांचा हा अनुभव आहे.

आधीचा बॅनर आम्ही तालुक्याच्या गावी फ्लेक्स करणाऱ्या एका डिझाइनरकडून करून घेतला होता. त्यांचा हात चांगला होता आणि फ्लेक्स म्हणून पाहिले तर त्या कामात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. डावीकडे मोठ्या अक्षरांत चॅनलचे नाव, उजवीकडे फेटा बांधून शेतात उभ्या असलेल्या दाजींचा पायांपासून डोक्यापर्यंतचा फोटो आणि खालच्या पिवळ्या पट्टीत मोबाईल नंबर, अशी त्याची मांडणी होती. चौकात लावलेला फ्लेक्स सगळ्यांना सारखाच दिसतो, त्यामुळे त्याच्या चारही कोपऱ्यांना समान किंमत असते. चॅनलच्या बॅनरला मात्र हा हिशेब लागू होत नाही. बॅनर चढवल्यावर दाजींनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "नुसतं शिवारच दिसू लालंय की रे!" नावातील दुसरा शब्द 'शिवार' तेवढा फोनवर उरला होता, पहिला शब्द चौकटीच्या बाहेर गेला होता. दाजींच्या फोटोतील फक्त छातीपासून कमरेपर्यंतचा सदरा दिसत होता आणि मोबाईल नंबर फोनवरही नव्हता, संगणकावरही नव्हता. तो फक्त टीव्हीवर दिसला, जिथून कोणी फोन लावत नाही.

असे का होते, हे समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. यूट्यूब आपल्याकडून एकच चित्र घेते आणि तेच चित्र तिन्ही ठिकाणी वेगवेगळे कापून दाखवते. शिफारस केलेला आकार २५६० बाय १४४० पिक्सेल आहे आणि किमान २०४८ बाय ११५२ पिक्सेल तरी लागतो. दोन्हींचे प्रमाण सोळास नऊ, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचेच आहे. टीव्हीसाठी हे सगळे चित्र वापरले जाते. संगणकावर त्यातील फक्त मधली आडवी पट्टी दिसते, जिची रुंदी पूर्ण २५६० असली तरी उंची जेमतेम ४२३ पिक्सेल असते. फोनवर त्या पट्टीच्याही दोन्ही बाजू कापल्या जातात आणि साधारण १५४६ बाय ४२३ चा मधला तुकडा उरतो. हाच सुरक्षित भाग. गुणाकार करून पाहिला तर हा भाग संपूर्ण चित्राच्या शंभरातील सुमारे अठरा हिस्से भरतो. जे वाचले गेलेच पाहिजे ते या अठरा हिश्शांत बसवायचे आणि उरलेल्या ब्याऐंशी हिश्शांत असे काही ठेवायचे की जे दिसले तर शोभेल आणि नाही दिसले तरी काही बिघडणार नाही, एवढेच या कामाचे सूत्र आहे.

मी इंकस्केप या चित्र तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २५६० बाय १४४० चे पान घेतले आणि त्यावर चार मार्गरेषा टाकल्या: उभ्या रेषा डावीकडून ५०७ आणि २०५३ वर, आडव्या रेषा वरून ५०९ आणि ९३१ वर. या रेषा मी आजतागायत काढलेल्या नाहीत. मजकुराचा थर वेगळा आणि पार्श्वभूमीच्या फोटोचा थर वेगळा ठेवला, आणि मजकुराच्या थराला कुलूप लावले. या एका सवयीचा उपयोग पुढे सात महिने झाला, कारण खरिपातील हिरवे सोयाबीन काढून कापणीनंतरची रास दाखवायची झाली किंवा पुढे तुरीचे पिवळे फूल दाखवायचे झाले, तेव्हा फक्त मागचा फोटो बदलावा लागला. नाव एक पिक्सेलही हलले नाही.

सुरक्षित चौकटीत मजकूर किती बसतो, हा मराठीत काम करणाऱ्यासाठी खरा कसोटीचा प्रश्न आहे. ४२३ पिक्सेल उंची ऐकायला पुरेशी वाटते, पण देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार असतात व खाली उकार लोंबतात. नावासाठी मी १५० पिक्सेलचा मुक्ता फॉन्ट घेतला, तेव्हा वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत जागा दोनशेच्या पुढे गेली. खालची ओळ ७२ पिक्सेलची घेतली, तिला शंभराच्या आसपास जागा लागली. दोन्ही मिळून सुमारे ३२० झाले आणि वर-खाली पन्नास पन्नास पिक्सेलचा मोकळा काठ राहिला. हा काठ मी मुद्दाम ठेवला, कारण पडद्यावर बॅनरचे कोपरे गोल करून दाखवले जातात आणि चौकटीच्या अगदी कडेला टेकलेले अक्षर कापले गेले नाही तरी कापल्यासारखे दिसते. तिसरी ओळ बसवण्याचा मोह मला झाला होता. ती बसलीही असती, पण वाचली गेली नसती.

याचा हिशेब पट्टीने करता येतो. माझ्या फोनवर बॅनरची रुंदी सुमारे साडेसहा सेंटिमीटर भरते. म्हणजे १५४६ पिक्सेल ६५ मिलिमीटरमध्ये येतात आणि एका मिलिमीटरला साधारण चोवीस पिक्सेल पडतात. ७२ पिक्सेलची ओळ तीन मिलिमीटरची होते, जी दाजींना चष्म्याशिवाय वाचता येते. आधी मी मोबाईल नंबर ३० पिक्सेलमध्ये टाकून पाहिला होता. तो सव्वा मिलिमीटरचा झाला, म्हणजे औषधाच्या डबीवरील बारीक छपाईसारखा. नंबर मग चॅनलच्या माहितीच्या मजकुरात गेला, जिथून तो नक्कल करून घेता येतो, आणि बॅनरवर 'सोयाबीन आणि तूर: पेरणीपासून राशीपर्यंत' एवढीच दुसरी ओळ राहिली.

दाजींच्या फोटोचा प्रश्न याहून अवघड होता आणि त्यावर आमचा वादही झाला. उभा माणूस आणि आडवी पट्टी यांचे जमत नाही. अकराशे पिक्सेल उंचीचा माणूस टीव्हीवर रुबाबदार दिसतो, पण संगणकाच्या आणि फोनच्या पट्टीत त्याचे ४२३ पिक्सेलच येतात, मग तो भाग सदऱ्याचा असो की गुडघ्यांचा. चेहरा पट्टीत आणावा म्हणून फोटो खाली सरकवला, तर चेहरा दिसतो पण फेट्याचा तुरा कापला जातो. सगळा माणूस पट्टीत मावेल इतका लहान केला, तर टीव्हीवर तो शेतातल्या बुजगावण्याएवढा दिसतो. शेवटी मी दाजींना सांगितले की तुमचा चेहरा प्रोफाइलच्या गोल फोटोत ठेवू, कारण तो फोटो वेगळा चढवावा लागतो आणि बॅनरच्या कापाकापीशी त्याचा संबंध येत नाही. दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला. माझ्या मते बॅनरमध्ये माणसाचा पूर्ण फोटो न घेणे हाच या सात महिन्यांतील सर्वांत योग्य निर्णय ठरला.

पार्श्वभूमीच्या फोटोविषयी टीव्हीने मला धडा शिकवला. पहिला हिरवा फोटो दाजींनी व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो फोनवर आणि संगणकावर छान दिसला. टीव्हीवर मात्र सोयाबीनची पाने धुक्यात असल्यासारखी पुसट झाली. फाइल उघडून पाहिली तेव्हा कळले की तो आकुंचन पावून १६०० पिक्सेल रुंदीचा झाला होता आणि मी तो ओढून २५६० केला होता. तोच मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला तर तो चार हजार पिक्सेल रुंद निघाला, आणि मोठ्याचा लहान केल्यावर प्रत्येक पान सुटे दिसू लागले.

रंगांच्या बाबतीतही एक गोष्ट घडली. हिरव्या पिकावर लाल अक्षरे ठेवण्याचा दाजींचा आग्रह होता. माझ्या संगणकावर ती धारदार होती, पण चढवल्यावर अक्षरांच्या कडांना मळकट झाक आली. यूट्यूब आपले चित्र पुन्हा दाबून साठवते, आणि जेपीजीच्या प्रचलित पद्धतीत उजेड-अंधाराचा तपशील जपला जातो, पण रंगाचा तपशील निम्म्यावर आणला जातो. लाल आणि हिरवा यांच्या उजळपणात फार फरक नसेल, तर अक्षराची कड केवळ रंगावर उभी असते आणि नेमकी तीच विरघळते. मी अक्षरे पांढरी केली आणि त्यांच्यामागे पिकाचा भाग गडद केला, तेव्हा कड उजेडाच्या फरकावर आली आणि स्वच्छ राहिली. फाइलही मी जेपीजीच देतो, कारण पिकाच्या फोटोसह पीएनजी केली की ती सहा एमबीची मर्यादा ओलांडते आणि चढतच नाही.

चढवताना एक ठिकाण जपावे लागते. यूट्यूब स्टुडिओच्या 'Customization' भागात चित्र निवडल्यावर कापण्याची खिडकी उघडते आणि तिच्यात 'Viewable on TV', 'Viewable on desktop' आणि 'Viewable on all devices' अशा तीन चौकटी एकात एक दिसतात. चित्र अचूक सोळास नऊ असेल तर बाहेरची चौकट काठोकाठ बसते. ते वेगळ्या प्रमाणाचे असेल, तर ही चौकट चित्राच्या एका भागावरच बसते आणि आपण मोजून ठेवलेला मधला भाग आता मधला राहत नाही. एकदा मी घाईत १४४० ऐवजी १६०० उंचीचे चित्र दिले होते आणि नाव पट्टीच्या तळाशी जाऊन 'शिवार'ची शिरोरेखा तेवढी नीट मध्यभागी आली होती. तेव्हापासून मी त्या खिडकीत सर्वांत आतली चौकट आधी पाहतो आणि मगच पुढे जातो.

एक उणीव मात्र सहा महिने माझ्या नजरेतून सुटली होती. संगणकावर दोन्ही बाजूंना जी ५०७ पिक्सेलची जागा उरते, तिथे मी तुरीच्या शेंगांचे घोस ठेवले होते. फोनवर ते दिसत नव्हते आणि संगणकावर पूर्ण दिसत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. संक्रांतीला भाचा आला, त्याच्या टॅबलेटवर चॅनल उघडले आणि डावीकडचा घोस मधोमध चिरलेला दिसला. टॅबलेटवर १८५५ पिक्सेल रुंदी दिसते, म्हणजे काप डावीकडून ३५२ व्या पिक्सेलवर पडतो आणि माझा घोस ३०० ते ४२० मध्ये होता. आता दोन्ही घोस ३५२ च्या बाहेर सरकवले आहेत, उजवीकडचा २२०८ च्या पलीकडे नेला आहे, आणि पानावरील चार मार्गरेषांच्या आता सहा झाल्या आहेत.