मेलबर्नची ट्राम: फुकट कुठपर्यंत आणि तिकीट कुठून

घर डॉकलंड्सला आणि ऑफिस पार्लमेंटजवळ, त्यामुळे गेले कित्येक महिने मी रोज ८६ नंबरच्या ट्रामने जातो-येतो, आणि त्या प्रवासाला एक सेंटही लागत नाही. हे ऐकून मेलबर्नला नव्याने येणारे मित्र खूश होतात. मग पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर जिथे काहीच द्यायचं नसतं तिथे ते कार्ड टेकवून पैसे घालवतात, नाहीतर जिथे द्यायचे असतात तिथे ट्राम फुकट आहे असं समजून आरामात बसून राहतात. म्हणून ट्रामच्या सोयीपेक्षा तिकिटाबद्दलच जास्त लिहितो. दर आणि नियम २०२५ मधले आहेत.

शहराच्या मध्यभागात १ जानेवारी २०१५ पासून फ्री ट्राम झोन आहे. पश्चिमेला डॉकलंड्स, पूर्वेला स्प्रिंग स्ट्रीट, दक्षिणेला फ्लिंडर्स स्ट्रीट, उत्तरेला ला ट्रोब स्ट्रीट आणि त्यापलीकडे थोडं वर सरकून क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, असा साधारण आयताकृती पट्टा. या पट्ट्यात चढलात आणि याच पट्ट्यात उतरलात तर कुठल्याही नंबरच्या ट्रामला तिकीट नाही. ३५ नंबरची जुनी सिटी सर्कल तेवढीच फुकट, असा पर्यटकांचा समज असतो. तसं काही नाही. उलट घाईत असाल तर ३५ च्या वाटेला जाऊ नका. ती सावकाश चालते, गाडीत बसून शहर बघायला छान, ऑफिसला पोचायला नाही.

मायकी म्हणजे इथलं तिकिटाचं कार्ड. झोनच्या आत ते रीडरला टेकवायचंच नाही. टेकवलंत तर यंत्राला वाटतं की तुम्ही झोनबाहेर निघाला आहात, आणि ते निमूटपणे दोन तासांचं पूर्ण भाडं लावतं. रीडरला तुम्ही कुठे उतरणार हे कळायला काही मार्गच नाही, कारण ट्राममधून उतरताना सहसा कार्ड टेकवावं लागत नाही. मुंबईच्या मेट्रोची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप रीडरकडे जातो. तो आवरायला शिकणं हा इथला पहिला धडा. खिशात साप्ताहिक किंवा महिन्याचा पास असेल तर टेकवण्याने काही बिघडत नाही. सुट्या पैशांवर चालणाऱ्या कार्डाला मात्र फटका बसतो.

आता गंमत अशी, की पाहुण्यांना दाखवायच्या निम्म्या जागा या पट्ट्याच्या अगदी एक-दोन थांबे बाहेर आहेत. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाला जायला स्वान्स्टन स्ट्रीटवरून ट्राम पकडली, तर फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या थांब्यापर्यंत फुकट. पुढे यारा नदीवरचा पूल ओलांडून आर्ट्स प्रिसिंक्टला उतरलात की तिकीट हवं. क्राउन कसिनोचा थांबाही बाहेर, आणि मेलबर्न म्युझियमही. अंतर चालण्याजोगं आणि भाडं मात्र पूर्ण, कारण इथे छोट्या टप्प्याचं स्वस्त तिकीट असा प्रकारच नाही. एक थांबा जा किंवा थेट सेंट किल्डाच्या समुद्रावर जा, दोन तासांचं भाडं तेच: ५.५० डॉलर. दोनदा लागलं की दिवसाची कमाल मर्यादा, म्हणजे ११ डॉलर. त्यानंतर दिवसभर कितीही फिरा. शनिवार-रविवारी ही मर्यादा आणखी कमी असते.

आई-बाबा आले होते तेव्हाचा हिशेब सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. सदर्न क्रॉस स्टेशनपासून म्युझियमला जायचं होतं. ८६ किंवा ९६, दोन्ही बर्क स्ट्रीटवरून पार्लमेंटपर्यंत जातात आणि पुढे निकोल्सन स्ट्रीटला लागतात. पार्लमेंटपर्यंत फुकट, तिथे उतरून चालत गेलं तर दहा-बारा मिनिटं. बाबा चालायला तयार होते, आईचा गुडघा नव्हता. तिघांनी म्युझियमच्या दारापर्यंत ट्रामने जायचं तर १६.५० डॉलर. ज्येष्ठ नागरिकांची सवलत आई-बाबांना मिळाली नाही, कारण त्यासाठी इथलं कार्ड लागतं. भारतातलं कुठलंही ओळखपत्र चालत नाही.

“एवढ्याशा अंतराला हजाराच्या घरात?” आईने तिथल्या तिथे रुपये करून टाकले.

मग मी वेळेचा हिशेब मांडला. मायकीचे दोन तास कार्ड टेकवल्या क्षणापासून मोजत नाहीत, पुढच्या पूर्ण तासापासून मोजतात. म्हणजे १०:०५ ला टेकवलं तर घड्याळ ११ ला सुरू होतं आणि भाडं दुपारी १ पर्यंत चालतं, जवळजवळ तीन तास. तेच ९:५५ ला टेकवलं असतं तर १२ लाच संपलं असतं. आम्ही थांब्यावर आलो तेव्हा दहाला पाचच मिनिटं कमी होती. समोर आलेली ९६ मी जाऊ दिली. बाबांना वाटलं मी नंबर वाचायला चुकलो. पुढची ट्राम दहा वाजून गेल्यावर आली, तिच्यात कार्डं टेकवली आणि एक वाजेपर्यंतची मोकळीक मिळाली. म्युझियम बघून साडेबाराला परत निकोल्सन स्ट्रीटवर आलो, पुन्हा टच ऑन केलं, म्हणजे चढताना कार्ड टेकवलं, पण नवे पैसे लागले नाहीत. तीच ९६ थेट सेंट किल्डाला जाते, म्हणून घरी न उतरता समुद्रावर गेलो. शेवटचं टच ऑन मुदतीच्या आत झालेलं असेल तर ट्राम पोचेपर्यंत एक वाजून गेला तरी चालतं. एका भाड्यात म्युझियम आणि समुद्र म्हटल्यावर आईची तक्रार संपली. (परतीचं भाडं वेगळं लागलं, ते मी तिला मोजायला दिलं नाही.)

संध्याकाळी हाच नियम आणखी सैल होतो. सहानंतर टच ऑन केलं की दोन तासांचंच भाडं पहाटे तीनपर्यंत चालतं. रात्रीच्या जेवणाला झोनबाहेर जायचं असेल तर सहा वाजायची वाट बघा, येणं-जाणं एकाच भाड्यात होतं.

कार्डाबद्दल. ट्राममध्ये तिकीट मिळत नाही. कंडक्टर १९९८ मध्येच गेले, आणि गाडीत कार्ड विकणारं किंवा भरणारं यंत्र नाही. मायकी आधीच हवं: रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रातून किंवा सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातून. कोरं कार्ड ६ डॉलरला, ते पैसे परत मिळत नाहीत, आणि वरून हवी ती रक्कम भरायची. ट्रामच्या रीडरवर बँकेचं कार्ड चालत नव्हतं. अँड्रॉइड फोनमध्ये मायकी घेता येतं आणि त्याला हे ६ डॉलर लागत नाहीत. आयफोनवाल्यांना प्लास्टिकचंच कार्ड. ऑनलाइन भरलेले पैसेही ट्रामच्या रीडरपर्यंत लगेच पोचत नाहीत, त्यामुळे ट्राम समोर दिसत असताना वेबसाइटवरून पैसे भरून उपयोग नाही. स्टेशनवर किंवा दुकानात भरलेले तेव्हाच्या तेव्हा कार्डावर चढतात.

प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एकच कार्ड तिघांसाठी तीनदा टेकवायचा प्रयत्न करू नका. दुसऱ्यांदा टेकवलेलं यंत्र ‘उतरलो’ असं धरतं, आणि तपासनीस आला तर दोघं विनातिकीट ठरतात. पूर्ण भाड्याचं कार्ड मात्र एका वेळी एकाने, असं कुणीही वापरू शकतो. म्हणून आमच्या मित्रमंडळींत पाहुण्यांची कार्डं फिरत असतात. कुणाचे सासू-सासरे नाशिकला परत गेले की त्यांची कार्डं पुढच्या आई-बाबांकडे जातात. फक्त कार्डाची मुदत तपासून द्या, मायकी चार वर्षांनी बाद होतं.

सीमा ओळखायची कशी? झोनमधल्या थांब्यांच्या पाट्यांवर फ्री ट्राम झोन असं लिहिलेलं असतं, आणि झोन संपण्यापूर्वी गाडीत सूचना होते. पण गर्दीच्या वेळी गोंगाटात ती ऐकू येईलच असं नाही, आणि ऐकू आली तरी रीडर तीन माणसांपलीकडे असतो. झोनबाहेर जायचं नक्की असेल तर चढतानाच टेकवावं हे बरं. यंत्र बीप देतं आणि हिरवा दिवा लागतो, तो बघितल्याशिवाय हात मागे घेऊ नका. तपासनीस साध्या कपड्यांतही असतात, त्यांच्याकडचं हातातलं यंत्र कार्डाचं शेवटचं टच ऑन दाखवतं, आणि दंड जवळपास ३०० डॉलर आहे.

एरवी ट्राम कशी आहे? लांबवर जायला संथ, छोट्या टप्प्याला ठीक. बऱ्याच ठिकाणी ती गाड्यांच्या मधूनच चालते आणि सिग्नलला थांबते. दोन-तीन थांब्यांसाठी मी आता ट्रामची वाट बघत नाही. थांब्यावरच्या फलकावर पाच मिनिटांपेक्षा जास्त दिसली की चालायला लागतो, आणि बहुतेक वेळा ट्रामच्या बरोबरीनेच पोचतो. पाऊस किंवा उन्हाळ्यातला चाळिशीचा पारा असेल तेव्हा गोष्ट वेगळी. फुकट असल्यामुळे दुपारी जेवणाच्या वेळी स्वान्स्टन आणि बर्क स्ट्रीटवर गर्दी एवढी होते की व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन चढणं मुश्किल.

गुडघेदुखी असलेल्या माणसाला घेऊन जाताना गाडीचा प्रकार बघा. ९६ वर जमिनीलगत फरशी असलेल्या लांब ई-क्लास गाड्या धावतात, फलाट असलेल्या थांब्यावर त्यात पायरी न चढता शिरता येतं. काही मार्गांवर अजून उंच पायऱ्यांच्या जुन्या गाड्या आहेत. शहराबाहेरच्या कित्येक थांब्यांवर फलाटच नाही, रस्त्याच्या मधोमध उतरावं लागतं. ट्रामचं दार उघडं असताना मागच्या गाड्यांनी थांबायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण थांबतात. तरी मी आधी डावीकडे बघतो, मगच आईचा हात धरून खाली उतरवतो.