मीटिंग रूमचं पंधरा मिनिटांचं ऑटो-रिलीज: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या ऑफिसात मीटिंग रूमच्या दारांबाहेर पॅनल बसवून आता बरेच महिने झालेत. बुकिंगच्या दहा मिनिटं आधी पॅनलवर चेक-इनचं बटण दिसायला लागतं. मीटिंगची वेळ सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली आणि तोवर कोणीच ते दाबलं नाही, तर बुकिंग सुटतं, दारावरचा लाल दिवा हिरवा होतो आणि खोली ज्याला हवी त्याची. रूमच्या बुकिंगच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे हे सगळं त्या बाजूने लिहिलंय.

आधी निकाल सांगून टाकतो: सोय ठेवण्यासारखी आहे, काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण ती विकताना जो फायदा सांगितला जातो, म्हणजे रिकाम्या खोल्या लगेच दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, तो प्रत्यक्षात बराच लहान निघतो.

साधा हिशोब करा. तासाभराचं बुकिंग 10 वाजता आहे. 10:15 ला ते सुटतं, कॅलेंडर आणि पॅनल यांचा मेळ बसायला आणखी एखाद-दोन मिनिटं जातात, कोणाचं तरी लक्ष जाऊन तो आत बसेपर्यंत 10:20 होतात. हाती उरली चाळीस मिनिटं. ठीक आहे, कामाची आहेत. पण अर्ध्या तासाच्या बुकिंगला हाच नियम लावला की उरतात जेमतेम दहा मिनिटं, आणि तेवढ्यासाठी कोणी लॅपटॉप उचलून येत नाही. आमच्या छोट्या, चार माणसांच्या खोल्यांमध्ये अर्ध्या तासाचीच बुकिंग जास्त असतात. तिथे हा नियम कागदावर चालतो, एवढंच.

पंधरा मिनिटं ही मुदत तरीही मला बरोबर वाटते. आमच्याकडे ती काही दिवस दहावर आणली होती. तेव्हा आधीच्या मीटिंगमधून धावत येणारे लोक आणि उगाच सुटलेल्या खोल्या यांचीच भांडणं वाढली. दर तासाला एकीतून उठून दुसरीत जाणारी माणसं पाच-सात मिनिटं उशिरा येणारच.

आता खरी अडचण. ती एका मंगळवारच्या उदाहरणाने सांगतो, कारण असे प्रसंग पुन्हा पुन्हा याच वळणाने जातात.

दर मंगळवारी 10 ते 11 एका टीमची आढावा बैठक असते, आठ जणांची. त्या दिवशी टीमचा अर्धा भाग एका कॉलवर अडकला, बाकीचे त्यांची वाट बघत जागेवरच बसले. 10:10 ला ऑर्गनायझरला ‘चेक-इन बाकी आहे’ असा मेल गेला. तो स्वतःच कॉलवर, मेल कोण बघतो? 10:15 ला खोली सुटली. 10:18 ला तिघे जण समोरून जात होते, दिवा हिरवा दिसला, त्यांनी पॅनलवरूनच 11 पर्यंत बुकिंग केलं आणि बसले. 10:22 ला आठ जण दारात.

“ही रूम आमची आहे.”

“पॅनलवर तर आमचं नाव आहे.”

“माझ्या कॅलेंडरमध्ये बघा ना, रूमने ॲक्सेप्ट केलेलं दिसतंय.”

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. ऑर्गनायझरच्या फोनवर त्या बैठकीसमोर खोलीचं नाव होतं आणि खोलीच्या नावापुढे हिरवी खूणही होती. शेवटी तिघे उठले, कारण आठ जणांमध्ये त्यांच्या वरिष्ठांचे वरिष्ठ होते. नियमाने खोली तिघांची, प्रत्यक्षात मानाने दुसऱ्यांची. त्यानंतर ते तिघे सुटलेल्या खोलीच्या वाटेला जात नाहीत. ज्या बुकिंगवर मोठ्या साहेबांचं नाव असतं, ती खोली हिरवी झाली तरी लोक तिच्याकडे लांबूनच बघतात.

असं का होतं, ते शोधायला मला वेळ लागला, पण कारण सरळ आहे. कॅलेंडरमध्ये मीटिंग ही एकच वस्तू नसते. ऑर्गनायझरच्या कॅलेंडरमध्ये एक प्रत, प्रत्येक निमंत्रिताकडे एक प्रत, आणि खोलीलाही स्वतःचा मेलबॉक्स असल्यामुळे तिच्याकडे तिची एक प्रत. पॅनल बघतं ते फक्त खोलीची प्रत. आमची सिस्टीम रिलीज करताना खोलीच्या प्रतीतून बुकिंग गुपचूप पुसून टाकत होती. बाकीच्या प्रतींना त्याचा पत्ताच नाही. म्हणून पॅनलच्या लेखी खोली मोकळी आणि माणसांच्या लेखी बुक्ड.

यापेक्षा बरी पद्धत म्हणजे खोलीकडून रीतसर नकार जाणे. खोली ‘डिक्लाइन’ पाठवते, मग ऑर्गनायझरला खोलीसमोरची खूण बदललेली दिसते. पण इथेही एक खाच आहे: निमंत्रणाचं उत्तर फक्त ऑर्गनायझरकडे जातं. उरलेल्या सात जणांच्या कॅलेंडरमध्ये ठिकाण म्हणून त्याच खोलीचं नाव राहतं, ऑर्गनायझरने सुधारित निमंत्रण पाठवेपर्यंत. आणि तो तर कॉलवर. सगळ्यांना खरंच कळायला हवं असेल तर सिस्टीमला ऑर्गनायझरच्या कॅलेंडरमध्ये बदल करायची परवानगी द्यावी लागते, आणि ती द्यायला आयटीवाले सहसा तयार नसतात. त्यांचंही चूक नाही. एका दारावरच्या पॅनलसाठी सगळ्यांच्या कॅलेंडरची किल्ली कोण देईल?

आम्ही शेवटी नकार पाठवण्याची पद्धत सुरू करून घेतली आणि 10:10 ची आठवण मेलऐवजी फोनवरच्या नोटिफिकेशनने जाईल अशी व्यवस्था केली. दारातली भांडणं बरीच कमी झाली. संपली नाहीत. पॅनल घ्यायच्या विचारात असाल तर विकणाऱ्याला बाकी काही विचारू नका, एवढंच विचारा: रिलीज झाल्यावर ऑर्गनायझरच्या कॅलेंडरमध्ये काय दिसतं? उत्तर तोंडी घेऊ नका, डेमोमध्ये खोली सुटू द्या आणि ऑर्गनायझरचा फोन बघा.

दुसरी गोष्ट दर आठवड्याला आपोआप होणाऱ्या बुकिंगची, आणि माझ्या मते या सोयीची खरी किंमत इथे आहे.

रिलीज होतं ते त्या दिवसाचं बुकिंग. मालिका तशीच राहते. म्हणजे कोणी वर्षभराच्या मंगळवारांवर खोली धरून ठेवली आणि एकदाही आला नाही, तरी दर मंगळवारी सकाळी ती खोली बुक्डच दिसते आणि 10:15 ला सुटते. ज्याने सोमवारी बसून उद्याची मीटिंग ठरवायला घेतली, त्याला ती खोली मिळतच नाही. तो दुसऱ्या मजल्यावर जातो किंवा मीटिंग पुढे ढकलतो. 10:15 चं रिलीज फायद्याचं आहे ते त्या क्षणी कॉरिडॉरमध्ये असलेल्या माणसाला. आधी ठरवून काम करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि मीटिंग घेणारे बहुतेक लोक आधी ठरवूनच घेतात.

पण रिलीजमुळे एक गोष्ट हाती आली, जी आधी कोणाकडे नव्हती: कुठलं बुकिंग भुताचं आहे याची नोंद. आमच्या सिस्टीममध्ये नकार पाठवतानाच खोलीच्या प्रतीतलं सुटलेलं बुकिंग पुसण्याऐवजी पंधरा मिनिटांपुरतं आखडून ठेवण्याचा पर्याय होता, तो आम्ही घेतला. त्यामुळे महिन्याच्या शेवटी कॅलेंडर नुसतं चाळलं तरी 10 ते 10:15 चे तुकडे ओळीने दिसतात. मग नियम केला: एकाच मालिकेची सलग तीन बुकिंग चेक-इनशिवाय गेली की ऑर्गनायझरला विचारणा, आठवड्यात उत्तर नाही आलं तर पुढच्या सगळ्या तारखांमधून खोली काढायची. बैठक राहू दे, खोली सोडा. गजबजलेल्या वेळेत मोठ्या खोल्या मिळायला लागल्या त्या या नियमामुळे.

या विचारणांमधून असंही दिसलं की काही मालिकांचा मालकच ऑफिसात उरलेला नाही. माणूस नोकरी सोडून गेला, त्याचा मेलबॉक्स बंद झाला, पण खोलीच्या कॅलेंडरमध्ये त्याची प्रत तशीच, कारण रद्द करणारं कोणी नाही. मेल आणि कॅलेंडरसाठी मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज वापरत असाल तर निरोपाच्या दिवशी मेलबॉक्स बंद करण्याआधी आयटीवाल्यांनी एक्सचेंजच्या पॉवरशेलमध्ये ही कमांड चालवावी:

```
Remove-CalendarEvents -Identity "user" -CancelOrganizedMeetings -QueryWindowInDays 365 -PreviewOnly
```

`-PreviewOnly` ने काय काय रद्द होणार ते आधी दिसतं, यादी बघून झाल्यावर ते काढून पुन्हा चालवायची. मेलबॉक्स चालू असतानाच हे करायला हवं, कारण रद्द झाल्याचे निरोप त्यातूनच जातात. आमच्याकडे आता एचआरच्या निरोपाच्या चेकलिस्टमध्ये ही ओळ आहे.

पळवाटांबद्दल थोडक्यात. लोक बटण दाबून निघून जातात, शेजारच्या टीमला “जाता जाता आमचं पण दाब” सांगतात. मेलमधल्या लिंकवरून चेक-इन करू दिलं की घरी बसून चेक-इन होतं, म्हणून ती लिंक आम्ही बंद केली. मग बाहेरगावी असलेल्या ऑर्गनायझरची पंचाईत: तो पॅनल कसं दाबणार? त्यावर बरा तोडगा निघाला. खोलीतल्या व्हिडिओ यंत्राने मीटिंग जॉइन केली की तेच चेक-इन धरायचं. यात खोटेपणाला फारशी जागा नाही. हालचाल ओळखणारा सेन्सर आम्ही एका खोलीत लावून पाहिला; दोन माणसं लॅपटॉपमध्ये डोकं घालून शांत बसली की खोली त्याच्या लेखी रिकामी. चेक-इनला जोड म्हणून ठीक, एकट्याच्या भरवशावर नको.

एकाच टीमने लागोपाठ दोन बुकिंग केली असतील तर दुसऱ्यासाठी पुन्हा उठून बाहेर जावं लागतं, हे अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही. आत बसलेली टीम आणि बाहेर हिरवा दिवा, असं चित्र आठवड्यात एखाद वेळी तरी दिसतंच. एकच लांब बुकिंग करा, असं सांगत राहतो.

आणि पॅनलचं नेटवर्क गेलं तर? सुरुवातीला एका मजल्यावर ते गेलं, बटण दाबणं कोणालाच शक्य नव्हतं आणि सर्व्हरने त्या मजल्यावरची सगळी बुकिंग एकामागून एक सोडून दिली. आता पॅनलशी संपर्क नसेल तर त्या खोलीचं रिलीज थांबतं. ही सेटिंग आमच्याकडे आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली होती. मुलाखतींची खोली आणि दिवसभराच्या प्रशिक्षणाचा हॉल या दोन ठिकाणी ऑटो-रिलीज आम्ही लावलेलंच नाही. छोट्या खोल्यांवरूनही ते काढावं आणि तिथे फक्त सलग तीनचा नियम ठेवावा, असं मी सुचवलंय. त्यावर निर्णय व्हायचाय.