आलेख एक, अल्टिमेट लोड तीन: कोणता आकडा धरायचा?

पाइलच्या स्टॅटिक लोड टेस्टमध्ये पाइल एकदम धपकन खाली गेली तर वाद उरत नाही. बहुतेक वेळा मात्र आलेख हळूहळू वाकत जातो, टेस्ट थांबते आणि अल्टिमेट लोड कुठे धरायचा हे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं.

हिशोबाला सोपे पडतील असे आकडे घेऊ. काँक्रीटची पाइल ५०० मिमी व्यासाची आणि २० मीटर लांब आहे, वर्किंग लोड १००० किलोन्यूटन. टेस्टमध्ये २५०० पर्यंत भार दिला.

| भार (किलोन्यूटन) | सेटलमेंट (मिमी) |
|---|---|
| ५०० | १.२ |
| १००० | ३.० |
| १५०० | ६.० |
| २००० | १२.० |
| २२५० | १८.० |
| २५०० | ३०.० |

व्यासाच्या १० टक्के सेटलमेंटचा निकष सांगायला सर्वांत सोपा. इथे ते ५० मिमी येतात, पण आपली टेस्ट ३० मिमीवरच थांबली. म्हणजे या निकषातून इतकंच म्हणता येतं की अल्टिमेट लोड २५०० च्या वर आहे. तिथून पुढे आलेख हाताने लांबवून आकडा काढणं मला पटत नाही.

डेव्हिसनची रीत वेगळी आहे. आधी पाइल नुसती दांडा म्हणून किती दबेल ते `PL/AE` ने काढायचं. काँक्रीटचा `E` ३० गिगापास्कल धरला तर दर मिलिमीटरला साधारण २९५ किलोन्यूटन येतात. त्या तिरक्या रेषेला समांतर दुसरी रेषा ३.८ मिमी अधिक व्यासाचा १२० वा भाग, म्हणजे इथे ८ मिमी, खाली सरकवून काढायची. २००० किलोन्यूटनला ही रेषा १४.८ मिमीवर आहे आणि पाइल १२ वर, म्हणजे अजून रेषेच्या वर. २२५० ला रेषा १५.६ वर, पण पाइल १८ वर गेलेली. दोघांची गाठ साधारण २१५० ला पडते. `E` चा अंदाज चुकून खरा आकडा २५ निघाला, तरी गाठ २२०० च्या थोडी पुढे सरकते, एवढंच. रेषा गणिताने निघते, त्यामुळे दोन माणसांना एकाच आलेखातून दोन उत्तरं मिळत नाहीत. डोळ्याने 'वाकण' शोधताना नेमकं तेच होतं: आलेखाचं स्केल बदललं की वाकण वेगळ्याच जागी दिसू लागतं.

चिनची रीत तिसरी. सेटलमेंट भागिले भार हा आकडा उभ्या अक्षावर आणि सेटलमेंट आडव्या अक्षावर मांडली की शेवटचे बिंदू सरळ रेषेत येतात. त्या रेषेच्या उताराचा व्यस्त म्हणजे अल्टिमेट लोड. आपल्या टेस्टमध्ये १८ मिमीला ०.००८ आणि ३० मिमीला ०.०१२ येतं, म्हणून उत्तर ३०००. हा भार पाइलने प्रत्यक्षात कधी घेतलेला नाही. आलेख ज्या मर्यादेकडे झुकतोय ती ही मर्यादा आहे. त्यामुळे चिनचा आकडा सहसा मोठा येतो.

अर्धवट टेस्टमध्ये ही रीत कशी फसवते ते पाहा. समजा, टेस्ट १५०० लाच थांबवली आणि गेजने ६ ऐवजी ५.५ मिमी दाखवले. शेवटच्या दोन बिंदूंवरून अल्टिमेट लोड ३००० ऐवजी ३७५० निघतो! तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक २५०० च्या वाचनात झाली असती, तर उत्तर ३०२५ च्या आसपास राहिलं असतं. म्हणून पाइल डेव्हिसनच्या रेषेपलीकडे गेलेली नसेल, तर चिनचा आकडा मी अहवालात अल्टिमेट लोड म्हणून लिहिणार नाही.

डिझाइनसाठी इथे मी २१५० घेईन. वर्किंग लोडच्या तुलनेत सुरक्षा गुणक २.१५ येतो, चिनच्या आकड्याने तो ३ दिसला असता. ड्रिल करून ओतलेल्या पाइलचं टोक पूर्ण भार घ्यायला जास्त हलावं लागतं, तिथे डेव्हिसनचं उत्तर कमी येतं. ती कसर मला चालते.

वर्किंग लोडची सेटलमेंट वाचायला यातली कोणतीच रीत लागत नाही, १००० समोरचे ३ मिमी पुरेत. पण हा आकडा भार ठेवल्याबरोबरचा आहे की गेज स्थिरावल्यानंतरचा, हे नोंदवहीत बघा, हवा नंतरचा. शिवाय सगळा भार टोकापर्यंत पोचला असता तर पाइल नुसती दबूनच ३.४ मिमी खाली आली असती. आपल्याला ३ च दिसले, म्हणजे बराच भार वाटेतच बाजूच्या घर्षणाने घेतला आणि टोक जेमतेम हललं. उलट या भाराला ८-१० मिमी दिसले असते, तर टोकाखाली गाळ राहिला असेल किंवा रेफरन्स बीम सरकला असेल, असा संशय मी आधी घेतला असता.

आणि हे ३ मिमी एकट्या पाइलचे आहेत. पाइल कॅपखाली नऊ पाइल असतील तर त्यांचा भार मिळून खूप खोलवरच्या मातीपर्यंत जातो. त्या गटाची सेटलमेंट या आलेखात नाही, ती वेगळी काढावी लागते.