दोन वॉटमीटर पद्धत: सात महिन्यांच्या वापरानंतर

साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी गेले सात महिने थ्री-फेज मोटरींची पॉवर दोन वॉटमीटर लावून मोजतो आहे. डिजिटल पॉवर अॅनालायझर भाड्याने आणता आला असता, पण काट्याचे दोन जुने पोर्टेबल वॉटमीटर कपाटात पडून होते आणि तेवढ्यावर काम भागते का, हे मला पाहायचे होते. भागते. पण एका जागी ही पद्धत शांतपणे फसवते, म्हणून हे लिहितो आहे.

जोडणी सरळ आहे. एकाची करंट कॉइल आर फेजमध्ये, दुसऱ्याची बी फेजमध्ये. दोघांच्या प्रेशर कॉइलचे एक टोक आपापल्या फेजला आणि दुसरे टोक वाय फेजला. तीन तारांत न्यूट्रल नसल्यामुळे तिन्ही करंटची बेरीज दर क्षणी शून्य असते. म्हणून वायच्या तारेत वेगळा मीटर न लावताही दोन आकड्यांची बेरीज पूर्ण पॉवर देते, आणि लोड असमतोल असला तरी देते. ब्लाँडेल यांनी १८९३ साली मांडलेला नियमही हेच सांगतो: जितक्या तारा, त्याहून एक कमी वॉटमीटर.

पॉवर फॅक्टर मात्र समतोल लोडलाच मिळतो. W1 हे मोठे रीडिंग, W2 हे लहान, आणि cos φ हाच पॉवर फॅक्टर:

```
tan φ = √3 (W1 − W2) / (W1 + W2)
```

आता ती फसवणारी जागा. ५ एचपीची, ४१५ व्होल्टची मोटर बेल्ट काढून मोकळी चालवली. करंट ३.६ अँपिअर. ५ अँपिअर, ५०० व्होल्टच्या रेंजवर १०० भागांची स्केल, म्हणजे दर भागाला २५ वॉट. बी फेजमधल्या मीटरने ४४ भाग दाखवले, म्हणजे ११००. आर फेजमधला काटा मात्र डावीकडे खुंटीवर जाऊन बसला. आमचा वायरमन म्हणाला, "साहेब, तारा उलट्या लागल्या." सप्लाय बंद केला, प्रेशर कॉइलची टोके बदलली, पुन्हा चालू केले. काटा १२.८ भागांवर आला, म्हणजे ३२०. मी दोन्ही आकडे मिळवले: १४२०. सूत्रात घातले तर पॉवर फॅक्टर ०.७२.

जोडणी मुळात बरोबर होती. पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की कमी दाखवणाऱ्या मीटरचे रीडिंग ऋण होते, कारण त्याच्या व्होल्टेज आणि करंटमधला कोन ३० + φ असतो आणि तो ९० अंश ओलांडतो. टोके बदलून वाचलेला आकडा वजाच धरायचा. मग बेरीज ७८० वॉट होते, फरक १४२०, आणि पॉवर फॅक्टर ०.३०. मोकळ्या मोटरला हाच आकडा शोभतो.

हे पकडले कसे, ते जास्त महत्त्वाचे. व्होल्टमीटर आणि अँमीटर शेजारीच होते. १.७३२ × ४१५ × ३.६ केले की सुमारे २५९० व्होल्ट-अँपिअर येतात. १४२० ला त्याने भागले तर ०.५५, आणि सूत्र म्हणत होते ०.७२. एकाच मोटरचे दोन पॉवर फॅक्टर कसे असतील? ७८० ला भागले तेव्हा ०.३० आले आणि दोन्ही वाटा जुळल्या. तेव्हापासून मी प्रत्येक मापानंतर हा भागाकार करतो. बेल्ट चढवून लोड दिला, रेंज १० अँपिअर केली, तेव्हा ६.८ अँपिअरला २८१० आणि १२४० आले. सूत्राने ०.८३, भागाकारानेही ०.८३. काटा पूर्ण वेळ उजवीकडेच राहिला.

आणखी एक सवय लागली: मोटर सुरू होताना करंट कॉइल जाड तारेच्या स्विचने शॉर्ट करायची आणि वेग आल्यावर उघडायची. सुरुवातीचा करंट नेहमीच्या पाच-सहा पट असतो. ५ अँपिअरच्या कॉइलने तो का सोसावा?

मर्यादा दोन भेटल्या. कारखान्याच्या मेन पॅनेलवर दिव्यांचा लोड न्यूट्रलवर असतो, तिथे दोन मीटरची बेरीज चुकली. चार तारांना तीन मीटर लागतात. दुसरी म्हणजे ड्राइव्हवर चालणारी मोटर. ड्राइव्हच्या इनपुटला करंट साइन वेव्ह राहत नाही. त्यामुळे सूत्राचा φ तिथे निरर्थक ठरतो, आणि भागाकाराशी तो जुळला नाही की मी सूत्र सोडून देतो.

कपॅसिटर बसवल्यावर एक गोष्ट हाती लागली. फेज क्रम आर-वाय-बी असेल तर लॅगिंग लोडला आमच्या जोडणीत बीचा मीटर जास्त दाखवतो. जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद आणि कपॅसिटर चालू राहिले, तेव्हा आरचा मीटर वर गेला आणि बीचा काटा खुंटीला टेकला. म्हणजे लोड लीडिंग झाला होता. त्याच संध्याकाळी कपॅसिटरचा कॉन्टॅक्टर मोटरच्या स्टार्टरला जोडून घेतला.