नळाला वारा, बातमीत पाणी: उपहासात्मक बातमीपत्राची संहिता सहा-सात महिने वापरून

आमच्या पणजीतल्या वसाहतीत महिन्यातून एकदा छोटासा कार्यक्रम होतो. नाटकवाल्या एका मित्राने त्यासाठी दहा मिनिटांची लुटुपुटुची बातमीपत्र-संहिता दिली होती. ठळक बातम्या, खड्डे, वाहतूक, पाणी, थेट वार्ताहर, हवामान असा तिचा साचा. ती पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केली आणि अजून चालू आहे.

आधी लांबीचं सांगतो. वृत्तनिवेदक मिनिटाला साधारण 120 शब्द वाचतो, म्हणून संहिता बाराशे शब्दांची आहे. पण लोक हसले की थांबावं लागतं, आणि थांबला नाहीत तर पुढचं वाक्य वाहून जातं. आम्ही ती आठशेवर आणली, तेव्हा कुठे दहा मिनिटांत बसली.

सगळ्यात दमदार भाग पाण्याचा. मूळ संहितेत निवेदक खात्याच्या नावाने बोटं मोडतो. ऐकणारे माना डोलावतात, हसत कुणी नाही, कारण ते सगळं घरी रोज बोलून झालेलं असतं. आम्ही चिडचिड काढून टाकली आणि वर्तमानपत्रात येते तीच वाक्यरचना ठेवली:

«ओपा प्रकल्पाची जलवाहिनी फुटल्याने तिसवाडीतील काही भागांत मर्यादित पाणीपुरवठा होईल. नागरिकांनी सहकार्य करावे. सहकार्य कसे करावे, याचा खुलासा पाणी आल्यावर करण्यात येईल.»

यातली पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी खरी वाटतात, म्हणून तिसरं लागतं. निवेदकाने तिसऱ्या वाक्यावर आवाज जराही बदलायचा नाही. आमच्या एका हौशी निवेदकाने तिथे डोळा मारला आणि वाक्य जागीच मेलं.

खरा हशा मात्र पुढे आहे. वाहिनी दुरुस्त झाली की «पुरवठा पूर्ववत» अशी बातमी येते, आणि ती खोटी नसते. टाकीपर्यंत पाणी आलेलं असतं. पण रिकाम्या झालेल्या नळांत हवा भरलेली असते, सखल भाग आधी भरतो, चढावरच्या घरांची पाळी शेवटी येते आणि पहिलं पाणी गढूळ असतं. आल्तिनोच्या चढावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून निवेदक मराठीत «पुरवठा पूर्ववत झाला आहे» म्हणतो, आणि लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या नळापाशी उभा असलेला वार्ताहर कोंकणीत बोलतो:

«नळ उगडलो. वारो येता. वारो मात बऱ्या प्रेशरान येता.»

दोघेही खरं बोलतात, भांडत नाहीत, आणि निवेदक शांतपणे «धन्यवाद» म्हणून पुढच्या बातमीकडे वळतो. हा तुकडा अजून शिळा झालेला नाही. गोव्यात छापील बातमी मराठीत वाचायची आणि दारातलं गाऱ्हाणं कोंकणीत सांगायचं, हे इतकं अंगवळणी आहे की ही विभागणी कुणाला मुद्दाम केलेली वाटत नाही. बार्देशकर पाहुणे असले तर ओपाच्या जागी अस्नोडा घालतो. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडलं की तिथला पुरवठा कसा कोलमडतो, हे त्यांना पाठ आहे.

खड्ड्यांचा भाग मध्यम. त्यात खड्ड्याचा वाढदिवस, केक वगैरे आहे, ते कुठेही पाहायला मिळतं. आम्ही कारणाकडे वळलो. पावसात हॉटमिक्स प्लांट बंद असतात आणि ओल्या खड्ड्यात डांबर धरत नाही, म्हणून तोवर चिऱ्याचे तुकडे, खडी नाहीतर पेव्हर ब्लॉक टाकतात. दोन सरी पडल्या की खडी रस्त्यावर आणि खड्डा पुन्हा जागेवर. त्यातून हे निघालं: «खड्डा तात्पुरता बुजवण्यात आला होता. तो कायमस्वरूपी उघडण्यात आला आहे.» हे चाललं. केक गेला.

वाहतुकीचा भाग सर्वांत कच्चा, आणि दोष वयाचा आहे. मूळ संहितेत जुन्या झुवारी पुलावरच्या रांगेवर अर्धं पान आहे. नव्या पुलाच्या पहिल्या चार मार्गिका डिसेंबर 2022 मध्ये खुल्या झाल्या, तेव्हाच त्या ओळी निवृत्त व्हायला हव्या होत्या. आम्ही तिथे पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम घातलं, पण वळणाचा मार्ग इतक्या वेळा बदलतो की छापलेली ओळ कार्यक्रमापर्यंत टिकत नाही. आता तिथे मोकळी जागा ठेवतो आणि त्या दिवशी ज्याला यायला सर्वांत उशीर झाला, त्यालाच वार्ताहर म्हणून उभा करतो. रंगीत तालीम आपोआप झालेली असते.

हवामानाचा भाग सरळ गाळा, त्यात काही नाही.

संहिता घ्यावी का? साच्यासाठी जरूर, विनोदांसाठी नाही. सुट्या ओळी दर महिन्याला आपल्याच वाड्यावरून भराव्या लागतात. शिगम्यासाठीची आवृत्ती सध्या बांधतोय. पाण्याचा तुकडा जसाच्या तसा ठेवलाय, आणि डोळा मारणाऱ्याला यंदा नळापाशी पाठवलंय.