आईचे थंडीतले कपडे आणि बूट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आई एक्क्याऐंशीची आहे. बोटांना संधिवात आहे, उजवा खांदा आखडलेला आहे, पण घरात ती अजून आपली आपण फिरते. म्हणून खरेदी करताना एकच पाहिलं: हे तिला स्वतःला घालता येईल का, आणि घालून नीट चालता येईल का?

आधीचा जाड लोकरी स्वेटर गरम होता, पण डोक्यावरून घालावा लागे आणि त्याचं ओझं दुखऱ्या खांद्यावर येई. आता आत अंगाबरोबर बसणारं पातळ थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती ब्लाउज किंवा कुडता, आणि वर फ्लीसचं बिनबाह्यांचं जाकीट. छाती-पाठ गरम राहते, हात मोकळे राहतात. बाह्यांचा कपडा घालताना आखडलेला हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. एवढ्यानेच तिचं कण्हणं थांबलं.

जाकिटाची चेन ओढणं सोपं, कारण टोकाला मोठी कडी ओवली आहे. खरी अडचण खालची पिन खाचेत बसवण्याची, ती संधिवाताच्या बोटांना जमत नाही. त्यामुळे दुसरं जाकीट वेलक्रोचं घेतलं. वेलक्रो धुण्याआधी लावून ठेवावं लागतं, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. चुंबकाची बटणंही मिळतात, पण पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

शाल मात्र चालताना बंद केली. एक हात ती सावरण्यात गुंततो आणि कठड्याला धरायला हात उरत नाही. बसल्यावर मांडीवर घ्यायला ती छान आहे.

बुटांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मागून उघड्या सपाता पायातून निसटू नयेत म्हणून बोटं आवळून चालावं लागतं, आणि नुसते मोजे फरशीवर सरकतात. आम्ही घेतलेल्या बुटाला मागे टाच धरणारी कडक बाजू आहे, वर रुंद वेलक्रोचा पट्टा आहे, तळ पातळ आणि खाचांचा आहे. फार मऊ, जाड तळ आरामाचा वाटतो, पण त्यातून पायाला जमिनीचा अंदाज येत नाही. माप संध्याकाळी, मोजे घालूनच घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतो. पाय घासत चालणाऱ्यांसाठी मात्र फार चिकट तळही धोक्याचा, तो जमिनीला अडकून तोल जातो.

या वयात थंडीची जाणीव आणि कुडकुडणं, दोन्ही कमी होतं. 'मला नाही गं वाजत' या उत्तरावर मी थांबत नाही. हातपाय एरवीही गार असतात, म्हणून कॉलरच्या आत, पाठीवर हात लावून बघते. तिथे घाम असेल तर एक थर कमी करते.

बुटाचा तळ दर महिन्याला उलटून पाहते. उजव्या टाचेच्या खाचा आता झिजल्यात, त्यामुळे पुढचा जोड लवकरच घेणार आहे, आणि याच मापाचा.